हेडफोन वाजतो, स्पीकर मात्र गप्प किंवा करकरतो: दोष जॅकच्या स्विचचा की ऑडिओ ड्रायव्हरचा?

माझी मावशी माहीमला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते आणि संध्याकाळी ऑनलाइन शिकवण्या घेते. गेल्या जुलैमध्ये तिचा फोन आला. "अरे, लॅपटॉपचा आवाज मधेच करकरतो आणि मग एकदम बंदच होतो. हेडफोन लावला की मात्र सगळं स्वच्छ ऐकू येतं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला." लॅपटॉप पाच वर्षांचा होता. मदरबोर्डचा खर्च ऐकून ती नवीनच घ्यावा का, असे विचारत होती. ही तक्रार मी मुंबईत दर पावसाळ्यात ऐकतो आणि तिच्यात मदरबोर्डचा दोष क्वचितच निघतो. म्हणून त्या लॅपटॉपची तपासणी ज्या क्रमाने केली, त्याच क्रमाने ती येथे मांडतो.

पहिला प्रश्न मी मावशीला फोनवरच विचारला: हेडफोन वायरचा आहे की ब्लूटूथचा? हा प्रश्न वगळला तर पुढची सगळी तपासणी वाया जाऊ शकते. ब्लूटूथचा किंवा यूएसबीचा हेडफोन लॅपटॉपच्या ऑडिओ चिपला हातही लावत नाही, कारण आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी चिप त्याच्या स्वतःच्या पोटात असते. असा हेडफोन वाजला म्हणून लॅपटॉपच्या ऑडिओबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये लावलेला वायरचा हेडफोन स्वच्छ वाजत असेल, तर मात्र तो मोठा पुरावा ठरतो. प्रोग्रामपासून विंडोजच्या ऑडिओ व्यवस्थेपर्यंत आणि तिथून मदरबोर्डवरच्या कोडेक या ऑडिओ चिपपर्यंतचा सगळा रस्ता हेडफोन आणि स्पीकर यांना बहुधा सामाईक असतो. त्यामुळे प्रोसेसरवर ताण आला, एखाद्या ड्रायव्हरने वेळ खाल्ला, म्हणून आवाज तुटला असता, तर तो हेडफोनमध्येही तुटला असता. मावशीचा हेडफोन वायरचा होता आणि तो तासभर एकदाही करकरला नव्हता. म्हणजे दोष कोडेकमध्ये रस्ता दुभंगतो त्या जागी किंवा त्याच्या पुढे होता.

त्या दुभंगानंतर मोजक्याच गोष्टी उरतात. जॅकमध्ये पिन आहे की नाही हे सांगणारा स्विच, त्या स्विचचे ऐकून स्पीकर बंद करणारा ड्रायव्हर, स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर, आणि शेवटी वायर व प्रत्यक्ष स्पीकर. यांतला पहिला संशयित नेहमी स्विच असावा, असे माझे मत आहे. तो उघड्या छिद्रात बसलेला एक यांत्रिक भाग आहे. हवा, घाम, धूळ आणि माहीमसारख्या ठिकाणची खारट दमट हवा त्याच्यापर्यंत थेट पोहोचते.

स्विच काय सांगतो आणि यंत्र काय समजते

जॅकच्या आत आवाज नेणाऱ्या पट्ट्यांशिवाय आणखी एक पातळ पट्टी असते. काही जॅकमध्ये पिन नसताना ती दुसऱ्या संपर्काला टेकून राहते आणि पिन आत गेली की बाजूला ढकलली जाते. काही जॅकमध्ये नेमके उलट असते, म्हणजे पिन आल्यावर संपर्क जुळतो. इंटेलने २००४ साली मांडलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओच्या मानकात कोडेक हे जुळणे आणि तुटणे ठरावीक मूल्यांच्या रेझिस्टरच्या मदतीने ओळखतो आणि ड्रायव्हरला कळवतो. पुढचा निर्णय ड्रायव्हर घेतो. पिन आली असे कळले की तो स्पीकर बंद करतो आणि आवाज हेडफोनकडे वळवतो.

पहिल्या प्रकारच्या जॅकमध्ये संपर्कावर गंज किंवा मळ चढला, तर पिन नसतानाही संपर्क तुटलेला राहतो आणि कोडेक प्रामाणिकपणे सांगतो की हेडफोन लावलेला आहे. स्पीकर गप्प होतो. संपर्क पूर्ण न तुटता डळमळीत झाला, तर यंत्राला क्षणात हेडफोन दिसतो आणि क्षणात दिसत नाही. त्यामुळे स्पीकर भराभर बंद-चालू होतो आणि कानाला ते करकरणे वाटते. मावशीच्या दोन तक्रारी, करकर आणि शांतता, या एकाच दोषाच्या दोन पायऱ्या असाव्यात, असा माझा अंदाज होता.

ही करकर कान देऊन ऐकली तर वेगळी ओळखता येते. स्पीकरचा पडदा फाटला असेल किंवा त्यात कण अडकला असेल, तर खरखर आवाजाच्या जोडीने ऐकू येते, मोठ्या आवाजात वाढते आणि ठरावीक सुरांवरच येते. स्विच डळमळीत असेल तर आवाजाचे तुकडे मधूनच गायब होतात, आवाज लहान केला तरी ते तसेच गायब होत राहतात आणि लॅपटॉप उचलला किंवा जॅकजवळची कड दाबली की त्यांचे प्रमाण बदलते. मावशीकडे पोहोचल्यावर मी एक जुने भजन अगदी हळू आवाजात लावले आणि डाव्या कडेवर, जॅकच्या शेजारी, अंगठ्याने हलका दाब दिला. भजन थांबले. अंगठा उचलला, एक तुटक कर्र आली आणि भजन पुन्हा सुरू झाले.

विंडोजमध्ये पाहायची खूण

जॅक रिकामा ठेवून टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हावर माउस न्यावा. तिथे उपकरणाचे नाव दिसते. रिकाम्या जॅकला `Speakers` दिसायला हवे. `Headphones` दिसत असेल, तर यंत्राला नसलेला हेडफोन दिसतो आहे. मात्र ही खूण वापरण्यापूर्वी ती आपल्या यंत्रावर चालते का, हे पाहून घ्यावे लागते, कारण काही ड्रायव्हर दोन्हींसाठी एकच नाव दाखवतात. खरा हेडफोन लावून काढून पाहावा. नाव बदलत असेल तरच त्यावर विसंबावे. नाव बदलत नसेल, तर `mmsys.cpl` ही आज्ञा चालवून उघडणाऱ्या `Playback` या पानावर उजवी कळ दाबावी आणि `Show Disconnected Devices` निवडावे. तिथे हेडफोनची वेगळी नोंद असेल, तर रिकाम्या जॅकला तिच्याखाली `Not plugged in` असे लिहिलेले हवे.

काही लॅपटॉप जॅकमध्ये काही लावले की "कोणते उपकरण लावले?" अशी चौकट दाखवतात. कोणी हात लावलेला नसताना ती चौकट आपोआप येत असेल, तर आणखी पुरावा शोधण्याची फारशी गरज नाही. मावशी म्हणाली, "ती चौकट ना? ती तर महिनाभर येतेय. मी प्रत्येक वेळी बंद करते." दुकानदाराने तिला हे विचारले असते, तर मदरबोर्डाचा विषयच निघाला नसता.

विंडोज बाजूला ठेवून केलेली चाचणी

दोष यंत्रात आहे की विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, हे निर्विवाद ठरवायचे असेल, तर मला सर्वात भरवशाचा मार्ग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हचा वाटतो. तो लावून लॅपटॉप सुरू केला की डिस्कवर काहीही न बसवता वेगळी प्रणाली आणि वेगळे ऑडिओ ड्रायव्हर मिळतात. आधी `aplay -l` चालवून अॅनालॉग ऑडिओचा कार्ड क्रमांक पाहावा, कारण एचडीएमआयचा आवाज कधी कधी पहिला क्रमांक घेतो. मावशीच्या लॅपटॉपवर तो शून्य होता. मग जॅक रिकामा ठेवून ही आज्ञा दिली:

```
amixer -c 0 contents | grep -A2 Jack
```

उत्तरात `Headphone Jack` या नावाखाली `values=on` असे होते. रिकाम्या जॅकला तिथे `off` हवे होते. विंडोजशी काहीही संबंध नसलेल्या प्रणालीलाही तो अदृश्य हेडफोन दिसत होता. म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर निर्दोष होता आणि खोटी बातमी खालून, जॅकमधून येत होती. त्यानंतर `alsactl monitor` चालू ठेवून पुन्हा कडेवर अंगठा दाबला. ही आज्ञा ऑडिओच्या प्रत्येक नियंत्रणातला बदल एकेका ओळीने दाखवते. खिडकीत `Headphone Jack` नाव असलेल्या ओळी एकापाठोपाठ सरकू लागल्या आणि अंगठा स्थिर धरताच थांबल्या. मावशी शेजारीच बसली होती. तिला तो ओघ दाखवून सांगितले की यातली प्रत्येक ओळ म्हणजे लॅपटॉपला वाटलेले एकेक हेडफोन लावणे किंवा काढणे आहे.

स्पीकर आणि अॅम्प्लिफायर धड आहेत का, हे अजून पाहायचे होते. त्यासाठी यंत्राला स्विचचे ऐकू नकोस, असे सांगावे लागते:

```
amixer -c 0 sset 'Auto-Mute Mode' Disabled
speaker-test -D plughw:0,0 -c 2 -t wav
```

येथे अनेक जण फसतात. पहिल्या आज्ञेने ड्रायव्हरचे आपोआप गप्प करणे थांबते, पण त्याच्यावरची ध्वनी सेवा स्पीकरचे नियंत्रण स्वतःहूनही बंद ठेवू शकते. म्हणून `alsamixer -c 0` उघडून `Speaker` च्या खाली `MM` दिसत असेल, तर `M` कळ दाबून ते उघडावे आणि मगच दुसरी आज्ञा द्यावी. सर्व लॅपटॉपमध्ये `Auto-Mute Mode` हे नियंत्रण नसते. ते नसेल तर केवळ `alsamixer` मधून स्पीकर उघडून पाहावे. मावशीच्या लॅपटॉपवर दोन्ही स्पीकर आळीपाळीने, खणखणीत वाजले. मी कड दाबली, लॅपटॉप तिरका केला, तरी त्यांच्यात खंड पडला नाही. अॅम्प्लिफायर, वायर आणि स्पीकर निर्दोष ठरले. मदरबोर्ड बदलण्याचे कारण उरले नाही.

जेव्हा दोष खरोखर ड्रायव्हरचा असतो

याच्या उलट चित्र मी ठाण्याच्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर पाहिले आहे. विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर त्याचे स्पीकर एका सकाळी पूर्ण गप्प झाले. त्यात करकर नव्हती, हलवल्याने फरक पडत नव्हता, उपकरणाचे नाव बरोबर `Speakers` दिसत होते आणि त्याच्या शेजारची हिरवी पट्टी गाण्याबरोबर वर-खाली होत होती. लाइव्ह लिनक्समध्ये मात्र स्पीकर लगेच वाजले. खाली सगळे ठीक आणि वर बिघाड, हे ड्रायव्हरच्या दोषाचे स्पष्ट लक्षण आहे.

अशा वेळी आधी लॅपटॉप `Restart` करावा. बंद करून पुन्हा चालू केल्याने तेच होईल, असे समजू नये. विंडोजचे `Fast startup` चालू असेल, तर `Shut down` करताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जतन होते आणि बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत येते. `Restart` केल्यावर ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने भागले नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ उपकरणाच्या `Driver` पानावरचे `Roll Back Driver` वापरून आधीच्या आवृत्तीवर जावे. ते बटण फिकट दिसत असेल, तर `Update driver` मधून आपल्या हाताने यादी उघडावी आणि मायक्रोसॉफ्टचा साधा `High Definition Audio Device` निवडून पाहावा. सहकाऱ्याचे स्पीकर त्यावर बोलू लागले. नंतर आम्ही लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवला. कोडेकचे नाव सारखे आहे म्हणून दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊ नये, कारण स्पीकर कोणत्या पायावर जोडला आहे आणि अॅम्प्लिफायर कसा जागवायचा, याची माहिती मॉडेलनुसार बदलते.

या चाचणीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी कोडेकबाहेर स्वतंत्र अॅम्प्लिफायर चिप असते आणि तिला तिचा वेगळा ड्रायव्हर लागतो. त्या लॅपटॉपवर साधा ड्रायव्हर घातला किंवा जुने लिनक्स चालवले, तर सगळे धड असूनही स्पीकर गप्पच राहतात आणि हेडफोन वाजतो, कारण हेडफोनला त्या चिपची गरज नसते. म्हणून लाइव्ह लिनक्समध्ये स्पीकर वाजले, तर यंत्र निर्दोष आहे असे खात्रीने म्हणता येते. वाजले नाहीत, तर एवढ्यावरून यंत्र सदोष म्हणता येत नाही. जॅकची `on` किंवा `off` ही नोंद मात्र त्या चिपवर अवलंबून नसते आणि अशा लॅपटॉपवरही उपयोगी पडते.

मावशीचा जॅक

जॅकच दोषी ठरल्यावर आधी स्वच्छता करून पाहावी. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिले, कारण कधी कधी हेडफोनच्या पिनेचे तुटलेले टोक आतच राहिलेले असते. तसे काही नव्हते, पण काठावर फिकट हिरवट डाग होता. दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, ओलसर तेवढाच आत फिरवला. नंतर जुन्या हेडफोनची पिन सुमारे वीस वेळा आत-बाहेर केली, म्हणजे पट्टीवरचा मळ घासून निघतो. अर्धा तास वाळू दिले. टाचणी आत घालू नये, पट्टी वाकते. काडीला गुंडाळलेला कापूसही नको, त्याचा धागा आत राहिला तर नवाच दोष तयार होतो.

सुरू केल्यावर नोंद `off` झाली आणि त्या दिवशीची शिकवणी नीट पार पडली. परंतु आठवडाभरात, सलग पाऊस लागल्यावर, करकर परत आली. संपर्कावरचा मुलामा एकदा गेला की स्वच्छतेने मिळालेला दिलासा फार दिवस टिकत नाही.

मग लॅपटॉप उघडला आणि बॅटरीची जोडणी आधी काढली. जॅक मदरबोर्डवर नव्हता, तर यूएसबीच्या दोन खाचांसह एका छोट्या वेगळ्या बोर्डावर होता आणि तो बोर्ड रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेला होता. बोर्ड सुटा करून मल्टिमीटर सातत्य तपासण्याच्या खुणेवर ठेवला आणि स्विचच्या दोन पायांना टोके लावली. या जॅकमध्ये पिन नसताना संपर्क जुळलेला असायला हवा होता, म्हणजे मल्टिमीटरने सलग टूंऽऽ असा आवाज द्यायला हवा होता. त्याने टूं, टूं, मग काहीच नाही, असा तुटक आवाज दिला, आणि जॅकला नखाने टिचकी मारली की तो पुन्हा टूं करायचा. अदृश्य हेडफोन इतक्या उघडपणे क्वचितच सापडतो.

तोच बोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळाला. घेताना बोर्डावर छापलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवला, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये दोन आवृत्त्यांचे बोर्ड असू शकतात आणि रिबनच्या पायांची मांडणी वेगळी निघू शकते. जॅक थेट मदरबोर्डवर असता, तर तो तापवून काढून नवा बसवावा लागला असता. ते काम नुसता हेडफोन जॅक बदलून देणाऱ्या कारागिराचे आहे. बदलणे शक्य नसेल आणि लॅपटॉपवर लिनक्सच वापरत असाल, तर `Auto-Mute Mode` कायमचे `Disabled` ठेवून `sudo alsactl store` ने जतन करता येते. मग हेडफोन लावल्यावर स्पीकर हाताने बंद करावा लागतो.

नवा बोर्ड बसवण्यापूर्वी त्याच दोन पायांवर मल्टिमीटर लावला. आवाज सलग आला, पिन घातल्याबरोबर थांबला आणि काढल्याबरोबर पुन्हा सुरू झाला. लॅपटॉप जोडून, पेनड्राइव्हवरून सुरू करून, `alsactl monitor` चालू ठेवून दोन तास गाणी लावली आणि मधून मधून कड दाबत राहिलो. बाहेर पाऊस कोसळत होता. पडद्यावरच्या खिडकीत `Headphone Jack` ची एकही ओळ आली नाही. मग मावशीने तिचा हेडफोन लावला आणि काढला. दोनच ओळी आल्या.